मदत हवी आहे: तोंड झाकलेल्या चेहऱ्यांवर फेस डिटेक्टरची तुलना कशी करावी?

लघुपटात स्टंटवाल्याच्या चेहऱ्यावर नायकाचा चेहरा बसवायचाय. दोघांची लेखी संमती आहे. त्यासाठी `SCRFD` आणि `RetinaFace` पडताळतोय. व्हिडिओ ४के आहे, वेगाची घाई नाही.

लांबचे चेहरे आधी सुटत होते. `det_size` ६४० ठेवला की ३८४० रुंदीची फ्रेम सहापट लहान होते, म्हणजे ६० पिक्सेलचा चेहरा जेमतेम १० चा उरतो. फ्रेमचे तुकडे करून दिल्यावर ते सापडले. आडवे चेहरे फ्रेम ९० अंशांत फिरवून मिळतात.

अडलंय ते हाताने तोंड झाकलेल्या शॉटवर. चौकट दोन्ही डिटेक्टरची बरोबर येते, पण ओठांच्या कोपऱ्यांचे बिंदू दर फ्रेमला सरकतात. स्वॅप पाच बिंदूंवरच बेततो, त्यामुळे अख्खा चेहरा थरथरतो. झाकलेल्या बिंदूंची खरी जागा मलाही दिसत नाही. मग निवड कशावरून करू: डोळे-नाकाच्या तीन बिंदूंच्या अचूकतेवरून, की थरथर मोजून?