मदत हवी आहे: किराणा पुरवठादाराला तक्रारीचं पत्र लिहायचंय

वैशाली_लालबाग
आम्ही पाचजणी लालबागला डब्यांचं स्वयंपाकघर चालवतो. किराणा एकाच पुरवठादाराकडून महिन्याच्या उधारीवर येतो, जूनचं बिल ३१,४०० रुपये झालंय. माल सकाळी ७ पर्यंत पोचवायचं ठरलंय, कारण डबे साडेदहाला निघतात. जूनमध्ये टेम्पो तीनदा साडेनऊनंतर आला, शेवटचा १४ जूनला ९.५० ला. त्यात या खेपेची तूरडाळ कितीही शिट्ट्या काढल्या तरी शिजत नाही, कणी राहते. फोन केला की "उद्या बदलून देतो" म्हणतात आणि येत कुणीच नाही. गिऱ्हाइकं तुटायला लागलीत, फार काळजी वाटते.

मी एवढं लिहिलंय: "आपली सेवा अत्यंत निकृष्ट असून आम्हाला प्रचंड मनस्ताप होत आहे. त्वरित सुधारणा करावी, अन्यथा कडक कारवाई करू." यात काय बदलू?

समीर_के
पत्रबित्र सोडा, सरळ ग्राहक मंचात जा. १९१५ वर फोन लावा.

जुना_मुनीम
समीर, धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा सहसा लागत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार असेल तर सूट आहे, पण पाचजणींच्या उद्योगाला ती मिळेल की नाही यावरच वाद होईल. तो मार्ग शेवटी बघावा.

वैशालीताई, तुमच्या पत्रात त्याला नाकारता येणार नाही असं एकही वाक्य नाही. "निकृष्ट" हे तुमचं मत झालं. "१४ जूनला टेम्पो ९.५० ला आला" ही नोंद झाली. मला सांगा, माल उतरवताना चलनावर काही लिहिता का?

वैशाली_लालबाग
नाही. पोरगा घाईत असतो, सही करून देतो आम्ही.

जुना_मुनीम
तिथेच सगळं निसटतं. कोरी सही म्हणजे माल वेळेवर आणि चांगला मिळाला, असं तो म्हणणार. उशिरा आलेला माल मुकाट्याने घेतला तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही, घेतानाच तसं कळवावं लागतं. करार कायद्याच्या ५५व्या कलमात हे आहे. म्हणून चलनाच्या दोन्ही प्रतींवर वेळ घाला, "उशिरा मिळाला, हक्क राखून घेतला" असं लिहा आणि पोराची सही घ्या. डाळीसारखा दोष नंतर कळतो. तो कळल्या दिवशीच लेखी कळवा. बरेच दिवस गप्प राहिलात तर माल पसंत होता असं धरलं जातं.

माहेरची_सुगरण
आमच्याकडे तांदळात सोंडे झाले होते, मी कडुलिंबाचा पाला घातला. डाळीत चिमूटभर सोडा टाका, शिजेल.

वैशाली_लालबाग
ताई, सोड्याने शिजते, पण चव उतरते. आणि पैसे आम्ही चांगल्या डाळीचे मोजलेत.

पाटील_वाशी
मी वाशीच्या दाणाबाजारात काम केलंय. उष्ण, दमट गोदामात फार दिवस पडलेली डाळ अशीच होते. दिसायला ठीक, शिजायला दगड. पुरवठादार आधी तुमच्या पाण्यावर ढकलेल, कारण जड पाण्यातही डाळ शिजत नाही. म्हणून दुसऱ्या दुकानाची पावभर डाळ आणा. दोन्ही तेवढाच वेळ भिजवा आणि त्याच पाण्यात, त्याच कुकरमध्ये दोन डब्यांत शिजवा. एक मऊ आणि एक टणक राहिली, तर पाण्याचा मुद्दा संपला. फोटो काढा. त्या गोणीतली किलोभर डाळ बांधून बाजूला ठेवा. आणि उरलेली वापरू नका, नाहीतर "चालवली की तुम्ही" म्हणतील.

वैशाली_लालबाग
कालच करून बघितलं. दुकानातली मऊ झाली, यांची टणकच. नवा मसुदा:

"महोदय, ठरलेली वेळ सकाळी ७ असताना ३ जूनला ९.४०, १० जूनला १०.०५ आणि १४ जूनला ९.५० वाजता माल मिळाला. १४ तारखेच्या ३० किलो तूरडाळीच्या गोणीतील डाळ शिजत नाही. त्याच पाण्यात दुसरी डाळ शिजते, फोटो जोडले आहेत. ६ किलो वापरली गेली. उरलेली २४ किलो आम्ही नाकारत असून ती वेगळी ठेवली आहे. तीन दिवसांत ती उचलून चांगली डाळ द्यावी किंवा १५० रुपये दराने ३,६०० रुपयांची क्रेडिट नोट द्यावी. यापुढे ७.३० नंतर आलेला माल परत पाठवण्याची मुभा आम्हाला राहील, हे लेखी मान्य करावे."

जुना_मुनीम
हे पत्र चालेल. शेवटी उत्तराची तारीख घाला. प्रत्यक्ष देऊन पोच घ्या, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. कलमं पहिल्या पत्रात नकोत, संबंध टिकवायचाय.

समीर_के
आणि महिन्याचं सगळं बिल अडकवा, दुसऱ्या दिवशी धावत येतील.

जुना_मुनीम
सगळं नको, मग थकबाकीदार तुम्हीच ठराल. ३१,४०० पैकी वादातले ३,६०० बाजूला ठेवून २७,८०० द्या आणि ते पत्रात नमूद करा.

पाटील_वाशी
मुनीमजी, कागदावर बरोबर. पण बाजारात ८९ टक्के पैसे हातात पडल्यावर उरलेल्यासाठी कुणी टेम्पो फिरवत नाही. मी निदान डाळ उचलेपर्यंत अर्धं थांबवलं असतं.

वैशाली_लालबाग
आमच्यातही यावर दोन मतं आहेत. पत्र उद्या सकाळी देते. बिलाची तारीख ५ जुलै आहे, तोवर ठरवू.