मदत हवी आहे: 'फक्त' वाक्यात नेमका कुठे ठेवावा?

नमस्कार मंडळी. मी संस्थेच्या सूचना लिहिते आणि काल एका वाक्याने घोळ झाला. मी लिहिलं होतं, 'फक्त नव्या सदस्यांची यादी पाठवा.' एकाने जुन्यांना वगळून यादी पाठवली. दुसऱ्याने केवळ यादी पाठवली, सोबतचे अर्ज ठेवून घेतले. माझ्या वाक्यातून दोन्ही अर्थ निघतात, हे मान्य करावं लागलं.

'च' लावून पाहिलं तर गाठ सुटते. 'नव्या सदस्यांचीच यादी' म्हटलं की जुने सदस्य बाद. 'नव्या सदस्यांची यादीच' म्हटलं की अर्ज बाद. 'च' ज्या शब्दाला चिकटतो, त्यालाच धरून ठेवतो. 'ही'चं तसंच आहे: 'मीही यादी पाठवली' म्हणजे इतरांनी पाठवली आणि मीसुद्धा, 'मी यादीही पाठवली' म्हणजे बाकीच्या कागदांसोबत यादीसुद्धा.

खरी अडचण नकारात येते. 'मी फक्त यादी पाठवली नाही.' याचा अर्थ बाकी सगळं पाठवलं, यादी तेवढी राहिली? की यादी तर पाठवलीच, शिवाय आणखी काही? बोलताना आवाजाच्या चढउताराने कळतं, कागदावर नाही. इथे 'च'ही पुरत नाही, कारण 'यादीच पाठवली नाही' यात तक्रारीचा सूर येतो. सध्या मी पहिल्या अर्थासाठी 'यादी तेवढी पाठवायची राहिली' आणि दुसऱ्यासाठी 'नुसती यादी नाही, अर्जही पाठवले' असं लिहिते.

'फक्त' ठेवूनच हे वाक्य निःसंदिग्ध करता येईल का? तुम्ही कसं लिहाल?