बाजार एफिशियंट असेल तर माणसांचे बायस जातात कुठे? (सेमिनारसाठी वाद घाला)

वहीतली_रेघ: फायनान्सच्या सेमिनारला मला एफिशियंट मार्केट हायपोथेसिस आलंय, म्हणजे माहिती किमतीत आधीच उतरलेली असते हा दावा. फक्त जुन्या किमती, सगळी जाहीर माहिती, की आतली माहितीसुद्धा, असे वीक, सेमी-स्ट्राँग, स्ट्राँग तिन्ही फॉर्म वाचून झालेत, बायसची यादीपण तयार आहे, ओव्हरकॉन्फिडन्स, लॉस अव्हर्जन, हर्डिंग वगैरे. पण दोन्ही शेजारी ठेवले की नुसत्या दोन याद्या दिसतात. बायस नेमका कुठल्या फॉर्मला धक्का देतो आणि कसा, कोणी एखादं ठोस उदाहरण घेऊन सांगेल का?

बुडबुडा९९: सोप्पंय. थिअरी म्हणते सगळे शहाणे आहेत, खरी माणसं शहाणी नाहीत, म्हणजे तिन्ही फॉर्म एका झटक्यात बाद. डॉट कॉमचा बबल दाखवा आणि खाली बसा.

शून्य_अल्फा: झटक्यात काही बाद होत नाही हो. सगळे शहाणे असावेत अशी अट थिअरीत कुठेच नाही. काही लोक घाबरून विकतात, काही हावरटपणे घेतात, ते एकमेकांत कटतात, आणि नाही कटले तरी चूक दिसली की मोठा पैसावाला तिच्यावर तुटून पडतो आणि किंमत जागेवर येते. बबलचं म्हणाल तर किंमत 'चुकीची' होती हे ठरवायला 'बरोबर' किंमत काढायचं मॉडेल लागतं. उत्तर जुळलं नाही तर बाजार चुकला की तुमचं मॉडेल, सांगता येतं का? ही अडचण या थिअरीचे अर्थशास्त्रज्ञ युजीन फामा यांनी १९७० च्या पेपरपासूनच मांडलीय. बबल नेहमी नंतरच दिसतो, आधी ओळखून पैसे करणारे किती भेटले तुम्हाला?

दीडदमडी: शून्य_अल्फा यांचा मॉडेलचा मुद्दा खरा आहे आणि सेमिनारमध्ये तुला पहिला प्रश्न हाच येणार. म्हणून उदाहरण असं घे की ज्यात मॉडेलच लागत नाही, नुसता गुणाकार लागतो. बबलच्याच काळातलं आहे, पण त्यातला एकच दिवस.

२ मार्च २०००. अमेरिकेतल्या थ्रीकॉम कंपनीने आपल्या पामचे, ते हातात धरायचे छोटे कॉम्प्युटर बनवणारी उपकंपनी, तिचे जेमतेम ५ टक्के शेअर लोकांना विकले. उरलेले जवळपास ९५ टक्के स्वतःकडे ठेवले आणि आधीच जाहीर केलं की वर्ष संपायच्या आत हे आमच्याच शेअरहोल्डर्सना वाटून टाकू, थ्रीकॉमच्या एका शेअरमागे पामचे साधारण दीड. म्हणजे थ्रीकॉमचा एक शेअर कमीत कमी दीड पामच्या किमतीचा असायला हवा, बरोबर? वर थ्रीकॉमचा बाकीचा धंदा, शेअरमागे दहाएक डॉलर रोकड, ते वेगळंच.

पाम ३८ डॉलरला विकला गेला आणि पहिल्या दिवशी ९५ वर बंद झाला. दीडपट केलं की १४२. आणि थ्रीकॉम त्या दिवशी वर जायच्या ऐवजी २१ टक्के पडून ८२ च्या जरा खाली बंद! म्हणजे पाम वजा केला तर उरलेल्या चालत्या कंपनीची किंमत शेअरमागे उणे साठ डॉलर. शेअरहोल्डरची जबाबदारी मर्यादित असते, शेअरची किंमत शून्याच्या खाली जाऊच शकत नाही, इथे वादाला जागाच नाही.

आता फॉर्म बघ. यात कुठली आतली बातमी नव्हती, दीडचा आकडा कंपनीने जाहीर केलेला होता, दुसऱ्या दिवशी पेपरांतही हे गणित आलं आणि तरी फरक जवळपास दोन महिने टिकला. जाहीर माहिती किमतीत उतरलेली असते हा सेमी-स्ट्राँगचा दावा, धक्का बसला तो त्याला. बुडबुडा९९, तिन्ही नाही बाद होत. स्ट्राँग तर कोणी जीव तोडून वाचवतही नाही, इनसायडर आतल्या माहितीवर कमावतात हे सगळ्यांना माहितीये, आणि जुन्या किमतींवरून पुढची कळत नाही या वीक फॉर्मला पामने हातही लावलेला नाही. तिथे अडचण मोमेंटमची आहे, मागच्या ३ ते १२ महिन्यांत वर गेलेले शेअर पुढचे काही महिनेही इतरांपेक्षा बरे चालतात, जेगदीश आणि टिटमन यांनी १९९३ मध्ये दाखवलेलं. पण तो वेगळा विषय होईल.

हिरवं_पान: हे वाचून माझंच आठवलं, मी एक शेअर घेतला होता, नाव सांगत नाही, तो ४० टक्के पडला तरी 'खरेदीच्या भावाला आला की काढतो' म्हणत चार वर्षं धरून बसलो आणि त्याच काळात जे फायद्यात होते ते पटापट विकून मोकळा झालो, नंतर बघतो तर विकलेलेच पुढे पळाले. मग मी बाजार इनएफिशियंट असल्याचा पुरावा झालो की नाही? आणि असा शेअर कधी काढावा?

शून्य_अल्फा: कधी काढावा हा धागा नाही हा 🙂 आणि तुमचं नुकसान झालं म्हणजे बाजार चुकला असं नाही, तुम्ही चुकलात.

दीडदमडी: तरी उदाहरण कामाचं आहे. याला डिस्पोझिशन इफेक्ट म्हणतात. ओडीनने १९९८ मध्ये एका ब्रोकरकडची १०,००० खाती तपासली, लोक फायद्यातल्या शेअर्सपैकी सुमारे १५ टक्के विकून टाकत होते आणि तोट्यातल्यांपैकी १० टक्केच. म्हणजे हजारो लोक एकाच दिशेने चुकतात. 'एकमेकांत कटतात' हे वाक्य तिथे ढिलं पडतं, कारण कटायला चुका उलटसुलट हव्यात. पण एका दिशेने चुकले म्हणजे किंमत चुकलीच असंही नाही, समोर ती चूक खाणारा कोणी असेल तर. बायस हा अर्धाच भाग आहे, दुसरा अर्धा म्हणजे खाणाऱ्याला कोण अडवतं.

वहीतली_रेघ: तेच विचारणार होते. पाममध्ये कोणी का नाही खाल्लं? थ्रीकॉमचे दोन शेअर १६४ ला घ्यायचे, पामचे तीन उधार घेऊन २८५ ला विकायचे, हातात १२१ आणि नंतर वाटपात मिळालेले तीन पाम परत करायचे. इतकं सोपं होतं तर?

दीडदमडी: गणित बरोबर, अडचण 'उधार घेऊन' या दोन शब्दांत आहे. बाजारात होते ५ टक्के शेअर, तेही बरेचसे अशा लोकांकडे जे उधार देत नाहीत किंवा ज्यांच्यापर्यंत पोचताच येत नाही. सुरुवातीला शेअर मिळतच नव्हते, मिळाले तर भाडं जबर, आणि देणारा मधेच परत मागेल ही भीती वेगळी. शेअर हळूहळू मिळत गेले तसं शॉर्ट, म्हणजे असं उधार घेऊन विकणं, वाढत गेलं आणि जुलैपर्यंत बाजारातल्या एकूण शेअर्सच्या जवळजवळ दीडपट झालं (एकच शेअर पुन्हा पुन्हा उधार जातो म्हणून हे होऊ शकतं). फरक मिटत गेला तोही तसतसाच. तोपर्यंत किंमत ठरवत होते फक्त पामच्या प्रेमात पडलेले, ज्यांना तो महाग वाटत होता त्यांचं मत किमतीत यायला रस्ताच नव्हता.

शून्य_अल्फा: म्हणजे फुकटचे पैसे कोणाला मिळाले नाहीत. माझ्या लेखी एफिशियंटचा अर्थ तेवढाच, खर्च वजा जाता कोणी बाजाराला हरवू शकत नाही.

दीडदमडी: पण ९५ ला पाम घेणाऱ्याला कोणी अडवलं नव्हतं. त्याच पैशात थ्रीकॉम घेतला असता तर जास्त पाम मिळाले असते आणि वर अख्खी कंपनी फुकट, त्यासाठी शॉर्टबिर्ट काही लागत नाही. त्याने तसं का नाही केलं याला बायसशिवाय उत्तर द्या.

शून्य_अल्फा: वाटप होईलच याची १०० टक्के खात्री नव्हती, टॅक्स खात्याची मंजुरी यायची होती.

दीडदमडी: वाटप झालं नसतं तरी ते ९५ टक्के पाम थ्रीकॉमच्याच मालकीचे राहिले असते की.

बुडबुडा९९: मग मी म्हटलं ते बरोबरच होतं ना शेवटी?

शून्य_अल्फा: नाही. एका शेअरवरून अख्खा बाजार नाही ठरत. थोडेच शेअर बाजारात, उधार मिळेना, अशा अडनिड्या कोपऱ्यात घडलेलं आहे हे. उधार सहज मिळणाऱ्या मोठ्या शेअरमध्ये असंच दाखवा, मग बोलू.

वहीतली_रेघ: पाम फिक्स करते. पण एक अडकलंय, उधार सहज मिळणाऱ्या शेअरमध्ये चूक दाखवायची तर परत मॉडेल लागणारच ना? तिथे काय बोलू?