मदत हवी आहे: ऑटोपे फेल झाल्यावर पुन्हा कधी प्रयत्न करावा?

नमस्कार मंडळी. सोलापुरातून शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा मासिक डबा पाठवतो, ३४९ रुपये, यूपीआय ऑटोपेवर. पैसे २८ तारखेला कापले जातात.

मागच्या महिन्यात ४६ जणांचे पेमेंट अडकले, बहुतेकांच्या खात्यात शिल्लक नव्हती. पहिल्या प्रयत्नानंतर तीनच संधी मिळतात. त्या आम्ही २९, ३० आणि ३१ला वापरून टाकल्या. पगार व्हायच्या आधीच! ११ जणांचे पैसे आले, पण ९ जणांनी मँडेटच रद्द केले. एक काकू फोनवर म्हणाल्या, "चार दिवसांत चार मेसेज, उधारी मागितल्यासारखं वाटलं हो." ते फार लागलं.

आता शिल्लक नसेल तर २ आणि ७ तारखेला, असे दोनच प्रयत्न करायचा विचार आहे. मँडेट रद्द असेल तर प्रयत्नच नाही, फक्त पेमेंट लिंक.

अडतंय ते इथे: ७ तारखेपर्यंत डबा थांबवावा की विश्वासावर पाठवावा? आणि वसुलीच्या तगाद्याने सोडून गेलेल्या ग्राहकांचे पुढच्या महिन्यांचे बुडालेले पैसे वसूल रकमेतून वजा करून हिशोब करायचा, तर किती महिने धरता? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.