घरी केलेल्या दागिन्याचा भाव कसा लावता? एका दागिन्याचा पूर्ण हिशोब सांगा

टिळकवाडी, बेळगाव

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात घरी नथी, ठुशा, तन्मणी, रेशमी धाग्याच्या बांगड्या करून विकणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. भाव मात्र बहुतेक वेळा बाजारात काय चाललंय ते बघून लागतो, आणि तिथला माल तर घाऊक आलेला असतो. म्हणून विनंती अशी की प्रत्येकीने आपला एकच दागिना घ्यावा आणि त्याचा हिशोब शेवटपर्यंत मांडावा. सामान, मजुरी, फोटो, वर्णन, सगळं धरून. मला स्वतःला मजुरीचं कोडं सुटत नाहीये.

शहापूर

मी नथीचा सांगते. काचेचे मोती, सोनेरी मुलाम्याची २६ गेजची तार, मध्ये एक गुलाबी खडा.

मोत्यांची माळ मला ६० रुपयांना पडते, त्यात शंभर मणी. पण पंधराएक बाद होतात. कुणाचं भोक तिरकं असतं, कुणाचा रंग भोकाच्या कडेला सोललेला असतो. मणी चिमटीत धरून खिडकीकडे फिरवला की लगेच दिसतं. म्हणून मी ६० ला शंभराने भागत नाही, ८५ ने भागते. नथीला बारा मोती, म्हणजे साडेआठ रुपये झाले. तारेचे, कापून वाया जाणारे तुकडे धरून, ६. खडा ६. डबी आणि कार्ड १४. सगळं मिळून ३५ धरा.

आता मजुरी, ताई. एका नथीचा वेळ मोजायला गेलात तर फसाल, कारण सामान मांडणं, मणी निवडणं, आवरणं हे एका नथीला लागतं तेवढंच सहा नथींना लागतं. मी सहा एकदम करते. मणी निवडण्यापासून टोकं घासेपर्यंत साडेचार तास जातात, म्हणजे एकीला पाऊण तास. तासाला ८० रुपये धरते. आमच्या गल्लीत फॉल-बिडिंग करणाऱ्या बायकांना तेवढ्या वेळात साधारण तितके सुटतात, त्याहून कमी मी का घेऊ? मजुरी झाली ६०. फोटो काढणं, मेसेजला उत्तरं देणं, पॅकिंग, याचा पाव तास वेगळा, त्याचे २०. एखादीचा मोती निसटून नथ परत येते, ती मी फुकट करून देते, त्यासाठी १२ बाजूला. एकूण १२७. याच्या खाली मी येत नाही.

निपाणी

एवढं कशाला करायचं? सामानाची तिप्पट करा की, झालं. मी कायम तसंच करते आणि मला परवडतं.

शहापूर

तुम्ही काय करता त्यावर आहे ते. माझ्या नथीची तिप्पट केली तर १०५ येतात, म्हणजे मजुरीतले वीसेक रुपये गेले. उलट हुपरीहून चांदीचं ६०० रुपयांचं पदक आणून नुसतं दोऱ्यात ओवलं तर तिप्पट १८०० होतात. दहा मिनिटांच्या कामाला गिऱ्हाईक ते देईल का? सामान आणि वेळ यांचं प्रमाण साधारण सारखं असेल तिथंच तिप्पट चालते.

निपाणी

हां, माझ्या सगळ्या बांगड्याच आहेत, धाग्याच्या. म्हणून बसत असेल.

खानापूर

आमच्या घरी सोनारकाम आहे. मजुरी ग्रॅमवर लावायची असते. आणि हॉलमार्क केला की गिऱ्हाईक भावावर हुज्जत घालत नाही. तुम्ही हॉलमार्क का करत नाही?

टिळकवाडी, बेळगाव

दादा, हे सोन्या-चांदीचं नाही, मुलाम्याचं आणि मोत्यांचं आहे. याला हॉलमार्क होत नाही. आणि वजनावर मजुरी लावली तर नथीला काहीच मिळायचं नाही, ती भरते किती!

खानापूर

असं होय. मग एक सांगतो. वर्णनात नुसतं 'एक ग्रॅम गोल्ड' लिहू नका. त्यात एक ग्रॅम सोनं आहे असं समजून माणसं मोडीला आमच्याकडे घेऊन येतात. 'पितळेवर सोन्याचा मुलामा' असं सरळ लिहा. तसंच जर्मन सिल्व्हरचं. त्यात चांदी नसतेच. तांबं, जस्त आणि निकेल असतं. निकेलमुळे कितीतरी जणींच्या कानाची पाळी खाजते, लाल होते. कानातलं असेल तर 'निकेल आहे' एवढं लिहायलाच पाहिजे.

शहापूर

अगदी बरोबर. मोत्याचंही तसंच. नुसतं 'मोत्याची नथ' लिहिलं की खरा मोती समजतात, आणि 'बसरा मोती' तर लोक सर्रास लिहितात, ते मला खटकतं. मी 'काचेचे मोती' पहिल्याच ओळीत लिहिते. गिऱ्हाईक कमी होईल असं वाटत होतं, पण तसं झालं नाही. विचारणारी आधीच कळून येते, मग भावावरून ओढाताण होत नाही.

चिकोडी

फोटोबद्दल माझं सांगते. उन्हात नाही, फ्लॅशवर नाही. फ्लॅशने मोत्यावर एक पांढरा ठिपका येतो आणि बाकी चमक मरते. सकाळी खिडकीशी टेबल, खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा केला की सावली मऊ होते. आमची भिंत हिरवी आहे, थर्माकोल नसेल तर मोती हिरवट दिसतात. एक फोटो पट्टीशेजारी ठेवून काढते, नाहीतर नथ केवढी आहे ते कळत नाही आणि 'फोटोत मोठी वाटली होती' म्हणून परत येते.

अजून एक. नाकात घालून सेल्फी काढू नका. बऱ्याच फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो उलटा साठवला जातो. डाव्या नाकपुडीची नथ उजवीकडे दिसते. आपल्याकडे डावीकडे घालतात, पण हुबळी-धारवाडकडच्या काही अक्का उजवीकडची मागतात. त्यांनी फोटो बघून घेतली आणि घरी वळण उलटं निघालं तर बोलणी आपल्यालाच. डावी की उजवी, प्रेसची की टोचलेल्या नाकाची, हे लिहूनच टाका.

अनगोळ

मी एका दुकानात ठेवायला देते, ते विक्रीवर ३० टक्के घेतात. मी माझ्या भावावर ३० टक्के वाढवून देते. शहापूरच्या ताईंची नथ १२७ ची, तर १६५ लावायची. बरोबर ना?

शहापूर

नाही हो. दुकानदार ३० टक्के १६५ वर कापतो, १२७ वर नाही. त्याचे साडेएकोणपन्नास गेले की तुमच्या हातात ११५ येतात, म्हणजे दुरुस्तीचे १२ गेले. १२७ ला ०.७ ने भागा, १८१ येतात. मी १८५ लावते, हातात १२९ पडतात.

अनगोळ

मग घरून घेणारीला १२७ लाच द्यायची?

शहापूर

मी घरीही १८५ च सांगते. घरी स्वस्त मिळते हे कळलं की दुकानदार माल ठेवत नाही. आणि घरी येणारीला चार नथी दाखवणं, चहापाणी, त्यातही वेळ जातोच.

निपाणी

मला हे पटत नाही. दारात आलेली शेजारीण 'एष्ट री?' विचारते, तिला दुकानाचा भाव कसा सांगायचा? माझ्याकडे दोन भाव आहेत, आणि दुकानदाराला ते माहीत आहे. तो बांगड्या तरीही ठेवतो.

टिळकवाडी, बेळगाव

दोन भाव ठेवणाऱ्या अजून कुणी असतील तर लिहा. दुकानदाराशी आधी कसं बोललात तेही सांगा. आणि उजव्या नाकपुडीची नथ मुद्दाम करून देताना आगाऊ रक्कम घेता का? ती परत आली तर इथं पुन्हा विकायला कठीण जाते.

चिकोडी

निम्मी घेते. बाकीची कुरियरला द्यायच्या आधी.