आवाज फुटताना षड्ज कुठे धरावा? (विश्रामबाग, सांगली येथील आमच्या सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

ए-२०३: नमस्कार अप्पा. माझा मुलगा चौदा वर्षांचा असून मध्यमा पूर्ण या गायनाच्या परीक्षेची तयारी करत आहे. आजवर तो पेटीच्या काळी चार पट्टीत गात असे. दिवाळीपासून त्याचा आवाज फुटू लागला असून तार षड्ज लावताना तो फाटतो, आणि मग मुलगा चिडून उठून जातो. पुढच्या वर्षी दहावी आहे, तेव्हा वर्षभर गाणे बंदच ठेवावे असे घरात सगळ्यांचे मत पडते आहे. आपल्याला काय वाटते?

सी-१०१: आमच्या पुतण्याचे गाणे याच वयात थांबवले होते. आवाज स्थिरावल्यावर पुन्हा सुरू करू म्हणालो, पण पुतण्या परत गायला बसला नाही.

बी-४०२ (अप्पा): ताई, गाणे बंद करू नये, षड्ज मात्र बदलावा. या वयात स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि मुलाचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. गळ्याला जुन्या मापाची सवय असते आणि यंत्र नवे झालेले असते, म्हणून आवाज मध्येच सटकतो. हे काही महिने, कधी वर्ष-दीड वर्षही चालते. या काळात काळी चारचा हट्ट धरला, तर मुलगा मान ताणून आणि हनुवटी वर करून स्वर गाठू लागतो, आणि ही खोड आवाज स्थिरावल्यावरही सहजी जात नाही.

नवा षड्ज असा शोधावा. सकाळी उठल्याउठल्या आवाज नेहमीपेक्षा खाली असतो, म्हणून ही तपासणी संध्याकाळी करावी. पेटीवर एकेक स्वर खाली जात, दाब न देता आकारात स्वच्छ लागणारा सर्वांत खालचा स्वर पाहावा. समजा, तो खालच्या सप्तकातील पांढरी पाच निघाला. त्यालाच मंद्र पंचम मानले, तर षड्ज पांढरी एक येतो. आता तेथून वर जाऊन मध्य सप्तकातील धैवत-निषाद मोकळे लागतात का, ते पाहावे. ते लागले, तर सध्या तेवढे पुरे. तार षड्ज फाटला तर फाटू द्यावा, तिकडे जाऊ नये. दर पंधरा-वीस दिवसांनी हीच तपासणी पुन्हा करावी, कारण षड्ज अजून अर्धा-एक स्वर सरकेल.

एफ-३०२: म्हणजे तंबोराही नवा घ्यावा लागेल का? मिरज जवळच आहे, म्हणून विचारते.

बी-४०२ (अप्पा): आत्ता घेऊ नये. काळी चारच्या तारा पांढरी एकपर्यंत उतरवल्या तर सैल पडतात आणि जवारी बोलत नाही. त्यासाठी जाड तारा लागतात, आणि खर्जाच्या आवाजाला भोपळाही मोठा शोभतो. पण षड्ज ठरलेलाच नसताना कोणत्या पट्टीचा तंबोरा सांगणार? तोवर इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलवरचा तंबोरा चालेल. त्यात पट्टी हवी तशी बदलता येते.

रियाज एका बैठकीत वीस मिनिटांहून अधिक नसावा आणि बहुतेक वेळ मंद्र व मध्य सप्तकातच राहावा. राग निवडताना एक जोडी लक्षात ठेवा. पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच आहेत, परंतु पूरिया मंद्रात आणि पूर्वांगात रमतो, तर सोहनीचा जीव तार षड्जाभोवती असतो. त्यामुळे रोजच्या रियाजाला यंदा पूरिया घ्यावा, सोहनी पुढे कधीतरी. तानांचा वेग वाढवण्याऐवजी विलंबित एकतालात हातावर ताल धरून बंदिश भरण्याचा सराव करावा. लयीचे हे काम गळ्याला न दमवता होते, आणि मुले एरवी ते टाळतात.

आणखी एक. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणे मुले आवडीने ऐकतात आणि त्यांच्या चढ्या, बारीक आवाजाची नक्कल करतात. ऐकणे अवश्य चालू ठेवावे, नक्कल मात्र या वर्षी नको.

ए-२०३: घसा बसल्यासारखा वाटतो, त्याची काळजी करावी का?

बी-४०२ (अप्पा): आवाज सटकणे वेगळे आणि घोगरेपणा वेगळा. बोलतानाही घोगरेपणा राहिला, गिळताना दुखले किंवा विश्रांतीनंतरही दोन-तीन आठवडे आवाज सुधारला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. ते दुर्बिणीतून स्वरतंतू पाहतात. एरवी पाणी प्यावे, सारखे खाकरू नये आणि क्रिकेटच्या मैदानावर ओरडू नये. (शेवटचे तो ऐकणार नाही, हे मलाही ठाऊक आहे.)

ए-२०३: आणि मध्यमाच्या परीक्षेचे काय? अर्ज भरायचा आहे.

बी-४०२ (अप्पा): अर्जाच्या वेळेपर्यंत दोन लागोपाठ तपासण्यांत षड्ज तोच आला आणि मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत तो सहज जाऊ लागला, तर भरा. तसे नसेल, तर हे सत्र सोडून पुढच्या सत्राला बसवा. त्याच्या गुरुजींना मात्र आजच फोन करून नवी पट्टी सांगा, म्हणजे शिकवणीत साथीची पेटी जुन्याच पट्टीत राहणार नाही.