देकार्तने आत्म्याचं अमरत्व सिद्ध केलं का?

सायली_टीवाय
टीवायला धर्माचं तत्त्वज्ञान हा पेपर आहे. वर्गात देकार्तचा युक्तिवाद असा झाला: शरीर नाही, तरी मी आहे आणि विचार करतेय, अशी अगदी स्पष्ट कल्पना मला करता येते. म्हणून मी शरीराहून वेगळी. म्हणून शरीर गेलं तरी मी उरते. पहिल्या दोन पायऱ्या ठीक वाटतात, तिसरी घाईची वाटते. सर म्हणाले, एकदा द्वैत मानलं की मरणोत्तर जीवन आपोआप येतं. खरंच येतं का?

गवंड्याचा पोर
मला दुसऱ्या पायरीवरच ठेच लागली. वडील गवंडीकाम करतात. पाया आखताना एका दोरीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर, आणि मधलं तिरकं अंतर 5 फूट भरलं की कोपरा काटकोनात. आता कामावर नवीन पोरगा आला. त्याने कोपऱ्याला गुण्या लावला, काटकोन आहे एवढं त्याला पक्कं कळलं. पण तिरकं 5 च का, हे त्याला ठाऊक नाही. तो बिनधास्त म्हणेल, काटकोन तसाच ठेवून तिरकं सव्वापाच भरलेलं मला डोळ्यांसमोर दिसतंय. दिसू दे! 9 आणि 16 मिळून 25 च होतात, असा कोपरा कुणालाच बांधता येणार नाही. त्याला कल्पना करता आली, कारण त्याला काटकोन पुरता कळलेला नव्हता. मग सायलीला शरीराशिवाय स्वतःची कल्पना करता येते ती कशावरून याच कारणाने नाही?

जुना फळा
तुम्ही वाचून लिहिलंत की दोरी धरता धरता सुचलं माहीत नाही, पण आंत्वान आर्नो या 29 वर्षांच्या धर्मशास्त्रज्ञाने 1641 मध्ये देकार्तला हीच हरकत कळवली होती. त्याचं उदाहरण अर्धवर्तुळातल्या त्रिकोणाचं. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे एखाद्याला पटलंय, पण कर्णाच्या वर्गाचा नियम त्याला पटलेला नाही. मग त्या नियमाविना असलेला काटकोन त्रिकोण देव घडवू शकेल, असं त्याने म्हणावं का?

देकार्तचं उत्तर साधारण असं होतं की बाजूंचं ते नातं ही स्वतंत्र उभी राहणारी वस्तू नाही, तो त्रिकोणाचा एक गुण आहे. मन मात्र मला पूर्ण वस्तू म्हणून कळतं, शरीराचा एकही गुण त्यात न घालता. उत्तर चलाख आहे. पण मन मला ‘पूर्ण’ कळलंय हे कशावरून, एवढंच तर आर्नो विचारत होता. गुण्या हातात धरलेल्या पोराला कोपरा पूर्णच कळलेला वाटत असतो.

सायली, तिसऱ्या पायरीबद्दल तुझी शंका रास्त आहे. देकार्तच्या ‘चिंतने’ या ग्रंथाच्या 1641 च्या पहिल्या आवृत्तीच्या मथळ्यात देवाचं अस्तित्व आणि आत्म्याचं अमरत्व सिद्ध केल्याचा दावा होता. 1642 च्या दुसऱ्या आवृत्तीत अमरत्व गेलं आणि तिथे आला आत्मा व शरीर यांचा भेद. छापण्याआधीच देकार्तचा मित्र मेर्सेन याने त्याला टोकलं होतं की अमरत्वाबद्दल तू अवाक्षर काढलेलं नाहीस. डिसेंबर 1640 च्या पत्रात देकार्तने कबूल केलं की देव आत्म्याला नष्ट करू शकत नाही हे मला सिद्ध करता येणार नाही. आत्मा शरीराहून स्वभावतःच वेगळा आहे, एवढंच दाखवता येईल. म्हणजे तुमचे सर देकार्तपेक्षा एक पायरी पुढे गेलेत.

तुळशीवृंदावन
इतकी उठाठेव कशाला? द्वैत म्हणजे जीव आणि ईश्वर वेगळे, हे मध्वाचार्यांनी सांगितलंय. आत्मा नित्य आहे हे गीतेत स्पष्ट आहे. आणि मन-शरीर वेगळं हवंच असेल तर आपल्याकडे सांख्य आहे, पुरुष आणि प्रकृती. देकार्तने नवीन काय सांगितलं?

जुना फळा
मध्वाचार्यांचं द्वैत वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते इथे लागू नाही. सांख्य जवळचं वाटतं खरं, पण सुरी दुसऱ्या जागी चालली आहे. देकार्त कापतो तेव्हा विचार, इच्छा, आठवण सगळं आत्म्याच्या वाटणीला येतं आणि शरीराकडे उरतं फक्त जागा व्यापणं. सांख्यात बुद्धी, अहंकार, मन ही सगळी प्रकृतीची पोरं, म्हणजे जडाच्या बाजूची. पुरुष नुसता पाहणारा. म्हणून तर एका जन्मातून दुसऱ्यात संस्कार नेण्यासाठी त्यांना लिंगशरीर मानावं लागलं. परीक्षेत ‘सांख्य म्हणजे भारतीय देकार्त’ असं लिहू नये.

तर्कटभाऊ
सगळे देकार्तवर तुटून पडलात, पण त्याचा सहाव्या चिंतनातला मुद्दा कुणी काढलाच नाही. शरीराचे तुकडे होतात. पाय कापला तरी मनाचा काही भाग कापला गेला असं होत नाही. मन अखंड आहे. आणि नष्ट होणं म्हणजे तरी काय, घटक सुटे होणं. माठ फुटतो, लाकूड जळून राख होते. ज्याला घटकच नाहीत ते सुटं कसं होणार? झालं सिद्ध अमरत्व. यात देवाचीही गरज नाही.

माजघर
मी तत्त्वज्ञान शिकलेली नाही, पण तर्कटभाऊंचं वाचून राहवलं नाही. आमच्या आजीला शेवटची सहा वर्षं स्मृतिभ्रंश होता. आधी नावं गेली. मग नाती गेली, मला म्हणायची, ‘बाई, तुम्ही कुणाकडच्या?’ मग शब्द गेले. शेवटी रिकामं ताट मांडीवर घेऊन तासन्‌तास तांदूळ निवडायची. बोटं खडा वेचायची आणि बाजूला टाकायची. ताटात काही नसायचं. तिचे तुकडे झाले नाहीत हो, पण ती थोडी थोडी कमी होत गेली. मरणानंतर आत्मा उरतो म्हणता, तर त्यातली कुठली आजी उरली? लग्नात ओव्या म्हणणारी की ताटातली?

जुना फळा
ताई, तर्कटभाऊंना याहून नेमकं उत्तर मला देता आलं नसतं. मेंडेलसोनने 1767 मध्ये त्यांच्याच धर्तीवर युक्तिवाद केला होता की आत्मा साधा, निरवयव, म्हणून तो फुटू शकत नाही. ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथाच्या 1787 च्या आवृत्तीत कान्टने त्यावर बोट ठेवलं. ज्याला भाग नाहीत त्यालाही तीव्रता असते, जाणीव कमी-जास्त असते. फुटून नव्हे, पण मंद होत होत ती शून्याला पोचू शकते. समईची ज्योत विझताना तिचे तुकडे होत नाहीत.

आणि अखंडतेचा मुद्दा देकार्तलाही पुरा पडलेला नव्हता. आत्म्याचं आयुष्य शरीराबरोबरच संपावं असं देवाने ठरवलं असेल तर, या हरकतीवर तो म्हणतो की ते मला खोडून काढता येत नाही, त्याचं उत्तर देवच देऊ शकतो.

उलटतपासणी
मग सरळ सांगा ना की मेंदू गेला की माणूस गेला. आजी कमी होत गेली कारण मेंदू कमी होत गेला. याहून साधा पुरावा काय हवा?

जुना फळा
पुरावा साधा आहे, पण एवढ्याने द्वैतवादी हरत नाही. रिचर्ड स्विनबर्न हे ऑक्सफर्डचे, आजच्या काळातले देकार्तच्या बाजूचे मोठे वकील. त्यांचा दृष्टान्त बल्ब आणि सॉकेटचा. आत्मा बल्ब, मेंदू सॉकेट. सॉकेट बिघडलं की उजेड जातो, पण म्हणून बल्ब फुटला असं होत नाही. दुसऱ्या सॉकेटात बसवला तर पुन्हा लागेल. यात बघण्यासारखं हे की बल्ब आपण होऊन हवेत पेटत राहतो असं ते म्हणत नाहीत. निसर्गनियमाने मेंदूशिवाय आत्मा चालेल असं मानायला आधार नाही, हे त्यांनाही मान्य आहे. नवं सॉकेट देणारा कोणी तरी लागतो, आणि तो त्यांच्या मते देव. म्हणून सायलीच्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नाही, आपोआप येत नाही’ असंच आहे. द्वैताने फार तर दार उघडं ठेवलं.

उलटतपासणी
बल्बच्या दृष्टान्तात भोक आहे. सॉकेट सैल झालं तर उजेड लुकलुकेल किंवा जाईल. पिवळ्या उजेडाचा हिरवा होणार नाही. डोक्याला मार लागून शांत माणूस शिवराळ झालेला मी पाहिलाय, आमच्याच नात्यात. तिथे उजेड कमी झाला नाही, रंग बदलला. स्वभाव बल्बमध्ये होता की सॉकेटमध्ये? सॉकेटमध्ये असेल तर नुसता बल्ब वाचवून उपयोग काय? फळा सरांच्या सांख्याच्या पुरुषासारखंच होणार, वाचलं ते कुणाचं हेच सांगता यायचं नाही.

आणि शेवटी देवालाच बोलवायचं असेल तर बल्ब हवाच कशाला? त्याने शरीरच पुन्हा घडवावं. ख्रिस्ती परंपरेत मूळ आशा तर मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची आहे. ‘माझा आत्मा म्हणजे मी नव्हे’ हे थॉमस अक्वायनसचं वाक्य आहे, कुण्या नास्तिकाचं नाही.

जुना फळा
रंगाचा मुद्दा जड आहे, त्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. पण बल्ब का हवा, ते सांगतो. जॉन हिकने 1976 च्या ग्रंथात असा प्रयोग मांडला की एक माणूस एका जागी नाहीसा होतो आणि त्याच क्षणी दुसरीकडे हुबेहूब प्रकटतो, तेच शरीर, त्याच आठवणी. तोच माणूस म्हणायला हरकत नाही, असं हिक म्हणतो. आता ताईंची आजी देवाने अशीच, पण एकाऐवजी दोन करून प्रकट केली तर? दोघींनाही त्याच ओव्या पाठ, दोघीही म्हणणार मीच ती. दोघी मिळून एक होऊ शकत नाहीत, आणि दोघींत डावं-उजवं करायला काही नाही. आत्मा मानणारा म्हणू शकतो की ज्या देहात तोच आत्मा आहे ती खरी, दुसरी नक्कल. फरक बाहेरून दिसणार नाही, पण असेल. आत्म्याचं खरं काम इथे आहे, ओळख टिकवण्याचं. मला हे अजून अर्धंच पटतं. हिकने देव दोन करणार नाही असं गृहीत धरलं, एवढं म्हणून सुटता येत नाही; दोन होणं शक्य असलं तरी प्रश्न उरतो.

गवंड्याचा पोर
सर, पण ‘दोघींत आत्मा वेगळा आहे’ ही सुद्धा आपण केलेली कल्पनाच ना? म्हणजे पुन्हा तोच पोरगा आणि तोच सव्वापाच.

तर्कटभाऊ
कान्टचं वाचतो. तोवर मी हरलो असं कुणी समजू नये.

सायली_टीवाय
सरांना मथळा बदलल्याचं सांगितलं. म्हणाले, परीक्षेला आर्नो लिहिलास तर चालेल, सॉकेट लिहिलंस तर जपून लिही.

माजघर
दोन आज्या प्रकटल्या तर मला ओळखायला काही लागायचं नाही. दोघींपुढे रिकामं ताट ठेवीन. जी निवडायला बसेल तिच्याशेजारी मी बसेन. आणि दोघी बसल्या तर फळा सर, तुम्ही या.